मुलीचे बँक खाते ऑनलाइन उघडताना : पालकाचा रकाना, आडनावाचे स्पेलिंग आणि सहीची फाईल

बँकेच्या संकेतस्थळावर बचत खात्याचा अर्ज उघडला की पहिल्या-दुसऱ्या पानावरच एक प्रश्न येतो : खाते कोणत्या प्रकारचे? समोर `Single`, `Joint` आणि `Minor` असे पर्याय असतात. मुलीचे खाते काढायला बसलेली आई विचार करते, की नाव तिचे आणि माझे, दोघींचे लागणार, म्हणजे `Joint`. इथेच गाडी रूळ सोडते. पुढच्या पानावर दुसऱ्या अर्जदाराची जन्मतारीख भरली की वय बसत नाही म्हणून लाल अक्षरे दिसतात. मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘वर्ष मागे घे, पुढे जाईल.’ अर्ज पुढे जातो खरा, पण आठ वर्षांची मुलगी कागदोपत्री अठराची झालेली असते आणि तो अर्ज नंतर आधारशी कधीच जुळत नाही.

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. शाळा सुरू झाल्या की अशी कामे रांगेने येतात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे. उदाहरणाला आपल्याकडे घरोघरी दिसणारी स्थिती घेतो : मुलगी आठ वर्षांची, आई गावात, बाप बोटीवर नोकरीला, आणि शाळेने शिष्यवृत्तीसाठी मुलीच्या नावाचे खाते मागितले आहे.

खातेदार कोण आणि पालक कोण

जॉइंट खात्यात दोघेही मालक असतात. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या खात्यात मालक एकटे मूल असते आणि पालक फक्त त्याच्या वतीने व्यवहार करतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढच्या निम्म्या रकान्यांत काय भरायचे ते आपोआप कळते. जन्मतारीख मुलीची, आधार मुलीचे, सही आणि मोबाईल मात्र आईचा. मुलीचे पॅन काढलेले नसेल आणि तिला स्वतःचे करपात्र उत्पन्न नसेल, तर पॅनही आईचे चालते. बँकेच्या यंत्रणेत दोघींची दोन वेगळी ग्राहक-ओळख क्रमांकांची पाने तयार होतात. त्याला बँकवाले कस्टमर आयडी किंवा सीआयएफ म्हणतात. मुलीच्या पानाला आईचे पान ‘पालक’ म्हणून जोडले जाते. आईचे त्या बँकेत आधीपासून केवायसी झालेले खाते असेल तर तिचे पान तयारच असते, आणि काम अर्धे होते. म्हणून पहिला सल्ला हाच : जास्त व्याजाच्या जाहिराती बघत बसू नका, जिथे आईचे खाते आहे तिथेच मुलीचे काढा.

नावे मात्र घोळ घालतात. स्टेट बँकेचे ‘पहला कदम’ खाते मूल आणि पालक यांचे संयुक्त म्हणून ओळखले जाते, आणि ‘पहली उडान’ हे दहा वर्षांवरच्या, एकसारखी सही करू शकणाऱ्या मुलाच्या एकट्याच्या नावावर असते. इतर बँकांची नावे आणखी वेगळी. नावाकडे बघू नका. अर्जात `Mode of Operation` असा रकाना असतो, तिथे काय निवडले आहे ते बघा. आठ वर्षांच्या मुलीसाठी तिथे पालक व्यवहार करणार अशा अर्थाचा पर्याय हवा, बहुधा `Guardian` किंवा `Minor by Guardian`. `Either or Survivor` हा पर्याय दोन सज्ञान माणसांच्या जॉइंट खात्यासाठी आहे.

त्या जॉइंट खात्याबद्दल गोव्यापुरते एक सांगून ठेवतो. `Either or Survivor` लिहिले म्हणजे एकाच्या पश्चात दुसऱ्याला पैसे देऊन बँक मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. मालकी ठरते आपल्या नागरी कायद्याने. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. खात्यावर दिराचे नाव घातले म्हणून बायकोचा अर्धा वाटा जात नाही, आणि वारसांचाही नाही. मुलीच्या खात्यात हा प्रश्न उभाच राहत नाही, तो पैसा तिचा.

पालक म्हणून आई चालते का, हे अजूनही काही काउंटरवर विचारतात. चालते. आईला पालक धरून खाते उघडायची मुभा रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच दिली आहे, आणि २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ती पुन्हा स्पष्टपणे लिहिली आहे. बापाची सही, संमतीपत्र, त्याचे आधार यातले काही लागत नाही. आजीआजोबांचे मात्र तसे नाही. आईबाप दोघेही परदेशात आणि नात आजीकडे, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. पण न्यायालयाने नेमल्याशिवाय आजी कायद्याने पालक होत नाही, आणि नेमली असली तरी न्यायालयाचा आदेश घेऊन शाखेतच जावे लागते. ऑनलाइन अर्जाच्या नादाला लागू नये.

अर्ज उघडण्याआधी : कागदांवरची नावे शेजारी शेजारी ठेवा

गोव्यात अर्ज अडतो तो बहुतेक वेळा स्पेलिंगवर. जन्मदाखला पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने, आधार इंग्रजी वळणाच्या, आणि शाळेचा दाखला तिसऱ्याच. `Gaunkar` आणि `Gaonkar`, `Dessai` आणि `Desai`, `Porob` आणि `Parab`, `Naique` आणि `Naik`. वाचणाऱ्याला एकच आडनाव दिसते, पण यंत्रणा अक्षरे जुळवते. मुलीचा जन्मदाखला, मुलीचे आधार, आईचे आधार, आईचे पॅन हे चार कागद टेबलावर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचे नाव एका कोऱ्या कागदावर अक्षरशः उतरवून घ्या. नुसते वाचून जाऊ नका, डोळा चूक पोटात घालतो.

आता त्यातले कुठले वेगळेपण चालते आणि कुठले नाही? मुलीचे नाव तिच्या आधारवर जसे आहे तसेच अर्जात जाते, कारण शिष्यवृत्तीचे पैसे पुढे आधारवरूनच येणार. जन्मदाखल्यात एखादे अक्षर वेगळे असेल तर शाखा बहुधा एक प्रतिज्ञापत्र मागून वेळ निभावते. पण आडनावच वेगळे असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. आईच्या आधारवरचे आणि पॅनवरचे नाव मात्र जुळलेच पाहिजे. लग्नामुळे आडनाव बदलले असेल तर काय करायचे ते पुढे येते.

खरी अडचण असते आईच्या आडनावाची. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि पॅन लग्नाआधी काढलेले असल्याने त्यावर पुन्हा माहेरचे. मग ही बाई या मुलीची आई कशावरून, हा बँकेचा प्रश्न वाजवीच म्हणायचा. याला उत्तर विवाह नोंदणीचा दाखला. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत स्पष्ट आहे, की ओळखपत्र काढल्यानंतर नाव बदलले असेल तर राज्य सरकारने दिलेला विवाह दाखला किंवा नाव बदलल्याची राजपत्रातली अधिसूचना सोबत जोडल्यास ते ओळखपत्र ग्राह्य धरावे. गोव्यात विवाह नोंदणी सिव्हिल रजिस्ट्रारकडे झालेलीच असते, त्यामुळे हा कागद मिळायला त्रास नाही. त्याची स्कॅन प्रत आधीच करून ठेवा. अर्जात तिच्यासाठी वेगळी जागा नसेल तर जन्मदाखला आणि विवाह दाखला एकाच पीडीएफमध्ये घालून नातेसंबंधाच्या पुराव्याच्या जागी चढवा.

पत्त्यातही एक गंमत आहे. फोंडा तालुका २०१५ साली उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, पण तिथल्या जुन्या आधारवर अजून उत्तर गोवाच छापलेले आहे. अर्जातला पिनकोड भरल्यावर जिल्हा आपोआप येतो आणि आधारशी जुळत नाही. अशा वेळी अर्जातला जिल्हा बदलायच्या खटपटीत न पडता आधारचा पत्ता अद्ययावत करणे बरे.

दोन गोष्टी आणखी तपासायच्या. मुलीच्या आधारला कुठला मोबाईल जोडला आहे? बापाचा असेल आणि बाप बोटीवर असेल, तर ओटीपी समुद्रात. आधार केंद्रावर जाऊन तिथे आईचा नंबर घालून घ्या. दुसरे, मुलगी पाचाची झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद केली होती का? पाच वर्षांखालच्या आधारमध्ये ही नोंद नसते आणि वयाची सात वर्षे उलटूनही ती राहिली तर आधार बंद पडू शकते. अर्ज मध्येच अडकल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

अर्ज भरताना

संकेतस्थळ गुगलवर शोधू नका. पत्ता स्वतः टाका आणि शेवट बघा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांची संकेतस्थळे `.bank.in` या शेवटावर आली आहेत. व्हॉट्सअपवर आलेली लिंक, किंवा ‘हे अ‍ॅप घाला म्हणजे खाते उघडते’ म्हणून पाठवलेली फाईल, दोन्हीकडे दुर्लक्ष करा. आईचे त्या बँकेत खाते असेल तर तिच्या नेट बँकिंगमधून किंवा अ‍ॅपमधून आत जाऊन तिथला अज्ञान खात्याचा पर्याय शोधावा. तिची माहिती तिथे आधीच भरलेली येते.

अर्जदाराच्या पानावर मुलीची माहिती, पालकाच्या पानावर आईची. पालकाच्या पानावर नाते विचारतात, तिथे `Mother`, आणि पालकाचा प्रकार विचारला तर `Natural Guardian`. `Legal Guardian` हा पर्याय न्यायालयाने नेमलेल्या पालकासाठी असतो. तो चुकून निवडला गेला की यंत्रणा आदेशाची प्रत मागत बसते आणि पुढचे पान उघडत नाही. व्यवसायाच्या रकान्यात मुलीसाठी `Student`, उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. तिथे आईचे उत्पन्न भरू नये.

आधारची प्रत जोडायची असेल तर `myaadhaar.uidai.gov.in` वरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रत उतरवा. ती पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. मुलीच्या प्रतीला मुलीचे नाव आणि मुलीचे वर्ष लागते. हे सांगायला नको असे वाटते, पण आईचे नाव टाकून टाकून लोक फाईल खराब आहे म्हणून परत येतात.

नॉमिनी नेमायचा रकाना रिकामा ठेवू नका. अज्ञान मुलाच्या खात्यावर त्याच्या वतीने पालक नॉमिनी नेमू शकतो, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. इथे बापाचे नाव घालणे सोयीचे.

सहीची फाईल

आता मुख्य काम. नमुना सही म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. आई पुढे कधी शाखेत पैसे काढायची पावती भरून देईल, तेव्हा काउंटरवरचा माणूस पडद्यावर खात्याची सही उघडतो आणि पावतीवरची सही तिच्याशी डोळ्यांनी ताडून बघतो. पडद्यावरचे ते चित्र लहान असते. तुम्ही चढवलेली फाईल अंधुक असेल तर तिथे नुसता राखाडी ठिपका दिसतो, आणि मग दर वेळी ओळखपत्र काढा, साहेबांना भेटा हे सुरू होते.

सही कुणाची? मुलगी दहाच्या खाली आहे, तेव्हा आईची. काही अर्जांत सहीच्या दोन जागा असतात, एक `Applicant` ची आणि एक `Guardian` ची. पहिल्या जागेत मुलीचे वेडेवाकडे नाव गिरवून घेऊन चढवणारे बरेच भेटतात. तसे करू नये. दोन्ही जागा भरणे सक्तीचे असेल तर दोन्हीकडे आईचीच सही जाते, कारण अर्जदाराच्या वतीने सही करण्याचा अधिकार तिचाच. आणि दोन सज्ञान माणसांचे जॉइंट खाते असेल तर प्रत्येकाची सही वेगळ्या फाईलमध्ये, अर्जातल्या नावांच्या क्रमाने. एकाच कागदावर दोघांच्या सह्या घेऊन एक फोटो काढला तर कुणाची कुठली ते यंत्रणेला कळत नाही.

कुठली सही? पॅनवर जी आहे ती. केवायसीच्या व्हिडिओ कॉलवर पॅन दाखवावे लागते आणि तिथेच कोऱ्या कागदावर सही करून दाखवायला सांगतात. पॅन लग्नाआधीचे, सही तेव्हा मराठीत पूर्ण नावाची, आणि आता आई इंग्रजीत दोन अक्षरांची सही करते, असे असेल तर आधीच ठरवा. पॅनवरची सही अजून सहज जमते का? जमत असेल तर तीच ठेवा. नसेल जमत तर पॅनवरची सही बदलून घ्या आणि मग अर्जाला लागा. मराठीत सही असायला काहीच हरकत नाही. एखादी बँक त्यासाठी एक छापील निवेदन भरून घेते एवढेच.

आता कृती. रेघा नसलेला पांढरा कागद घ्या, मागून छापलेला नको, कारण पाठची अक्षरे फोटोत उमटतात. काळे किंवा निळे साधे बॉलपेन. पेन्सिल, स्केचपेन, लाल शाई नको. आईला टेबलाशी नीट बसवा आणि तीन-चार सह्या करायला सांगा. पहिली सही माणूस जपून करतो, ती बहुधा कामाची नसते. तिसरी-चौथी हाताच्या वळणाने येते, ती पुढे दहा वर्षांनीही तशीच येईल. त्या सहीभोवती सगळीकडून बोटभर मोकळी जागा असू द्या. काही अर्जांत पडद्यावर बोटाने सही करायचीही सोय असते. फाईल चढवायचा पर्याय असेल तर तोच घ्या, बोटाची सही आणि पेनाची सही कधी सारखी येत नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीशी काढा. दिव्याखाली काढला की फोनची आणि हाताची सावली कागदावर पडते. फोन कागदाच्या बरोबर वर आणि समांतर धरा. फोटोतला कागद एका बाजूला अरुंद दिसत असेल तर फोन तिरका होता. स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमधला काळा-पांढरा फिल्टर लावू नका. तो पांढरा कागद स्वच्छ करतो, पण सहीतल्या बारीक रेषाही खाऊन टाकतो. वेलांटीचे शेपूट, शेवटची हलकी रेघ नाहीशी होते, आणि नेमके तेच काउंटरवरचा माणूस बघत असतो.

फोनवरचा फोटो दोन-चार एमबीचा असतो आणि अर्जाला हवी असते काही केबींची फाईल. मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी, पडद्यावर लिहिलेली असते, आणि पुष्कळदा कमीत कमी किती हेही दिलेले असते. थेट आकार कमी करणाऱ्या अ‍ॅपमध्ये फोटो टाकू नका. आधी कातरा : नुसती सही आणि भोवतीची बोटभर जागा ठेवून बाकी कागद काढून टाका. मग रुंदी साधारण सहाशे पिक्सेलवर आणा. एवढ्यानेच फाईल बहुतेक वेळा मर्यादेत येते. तरी मोठी असेल तर मग दर्जा थोडा कमी करा. हा क्रम उलटा केला की आख्खा कागद दाबला जातो, आणि त्यात सही पुसट होते.

फाईल `JPG` हवी. आयफोन बरेचदा `HEIC` मध्ये फोटो ठेवतो आणि अर्ज तो घेत नाही. फाईलचे नाव साधे इंग्रजीत द्या, मध्ये जागा न सोडता, जसे `sahi_aai.jpg`. देवनागरी नाव दिल्यास काही संकेतस्थळे कारण न सांगता फाईल परत पाठवतात. आणखी एक त्रास : फोनवर सरळ दिसणारी सही चढवल्यावर आडवी दिसते. फोनने फोटो फिरवलेला नसतो, नुसती फिरवून दाखवायची खूण केलेली असते, आणि ती खूण संकेतस्थळाला वाचता येत नाही. कातरून नव्याने जतन केलेल्या फोटोत ही अडचण सहसा राहत नाही. तरीही चढवल्यावर पडद्यावर जे छोटे चित्र दिसते ते बघितल्याशिवाय पुढचे बटण दाबू नका.

व्हिडिओ कॉल

आईची केवायसी त्या बँकेत झालेली नसेल तर तिला व्हिडिओ कॉलवर बसावे लागते. सगळ्याच बँका अज्ञान खात्यासाठी ही सोय देत नाहीत. काही ठिकाणी अर्ज ऑनलाइन भरून घेतात, एक क्रमांक देतात आणि मूळ कागद घेऊन शाखेत बोलावतात. त्यात निराश व्हायचे कारण नाही, भरलेला अर्ज त्या क्रमांकावर तयार असतो आणि काउंटरवरचे काम लवकर उरकते.

कॉलचे नियम रिझर्व्ह बँकेने घालून दिले आहेत आणि त्यांतले काही माहीत नसल्याने लोक नापास होतात. समोरचा अधिकारी प्रश्न क्रम बदलून विचारतो, आणि बाजूने कुणी उत्तर सुचवताना दिसले की अर्ज फेटाळायचा असा नियमच आहे. माझ्याच दुकानात एका वहिनीला अधिकाऱ्याने जन्मतारीख विचारली, तर शेजारी बसलेल्या नणंदेने घाईने सांगून टाकली. कॉल तिथेच संपला. वहिनी म्हणाली, ‘बरोबर तर सांगितली ना तिने!’ तारीख बरोबर होती, पण सांगायची होती वहिनीने. तेव्हापासून कॉलच्या वेळी मी सोबतच्यांना बाहेर चहाला पाठवतो. अधिकाऱ्याने मुलीला बघायचे म्हटले तर ती हाकेच्या अंतरावर असली म्हणजे झाले.

कॉल भारताबाहेरून चालत नाही, यंत्रणा परदेशी जोडणी अडवते आणि ठिकाणाची नोंदही घेते. म्हणजे बापाला पालक करून बोटीवरून कॉल लावायचा बेत मुळातच बाद. फोनचे लोकेशन सुरू ठेवा. मूळ पॅन हातात हवे, त्याची झेरॉक्स चालत नाही. ई-पॅन असेल तर गोष्ट वेगळी. कोरा कागद आणि तेच पेन जवळ ठेवा. आधारची माहिती दिल्यापासून कॉलपर्यंत तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अंतर पडले तर ती पुन्हा द्यावी लागते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी अर्ज भरून कॉल पुढच्या आठवड्याच्या अखेरीस ठेवू नका. पावसाळ्यात नेटवर्क जाते आणि कॉल तुटतो. तुटला तर सगळे पहिल्यापासून, तेव्हा घरी वायफाय धड असेल तिथेच बसावे.

कॉल नीट झाला तरी खाते लगेच चालू होत नाही. त्या कॉलची बँकेत दुसऱ्या माणसाकडून तपासणी होते आणि मगच खात्यात व्यवहार करता येतो. खाते क्रमांक आला पण पैसे जमा होत नाहीत म्हणून घाबरू नका, एक-दोन दिवस वाट बघा.

खाते उघडल्यावर काय तपासायचे

पासबुकाचे पहिले पान छापून घ्या. मुलीचे नाव, जन्मतारीख, पालकाचे नाव आणि व्यवहार कोण करणार ते वाचा. जन्मतारीख सर्वांत महत्त्वाची, कारण मुलगी सज्ञान झाली की नाही हे यंत्रणा त्या तारखेवरूनच ठरवते. वर्ष चुकले तर एके दिवशी खाते विनाकारण थांबते, किंवा थांबायला हवे तेव्हा थांबत नाही. मग थोडे पैसे भरून शाखेत जा आणि पावतीवर आईची सही करून त्यातले थोडे काढा. तिथल्या तिथे कळेल, पडद्यावर सही नीट दिसते की नाही. दिसत नसेल तर त्याच वेळी नवी सही देऊन टाका.

शिष्यवृत्तीसाठी एक पाऊल उरते. खाते मुलीच्या आधारशी जोडायला बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो. आईच्या आधारशी जोडून उपयोग नाही, पैसे मुलीच्या आधारवरून येणार. जोडले गेले का ते `myAadhaar` मध्ये मुलीच्या आधारने आत जाऊन `Bank Seeding Status` मध्ये दिसते. एका आधारसाठी एका वेळी एकच बँक चालते, म्हणून मुलीचे आधी कुठे खाते असेल तर पैसे अजून तिकडेच जात आहेत का तेही तिथेच कळेल.

खात्यात शिल्लक राहिलीच पाहिजे, अज्ञान मुलाच्या खात्यातून शिलकीपेक्षा जास्त पैसे उचलता येत नाहीत. व्याजाचे उत्पन्न करासाठी आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्याकडे धरतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे पगार सोडून बाकीचे उत्पन्न नवराबायकोत विभागले जाते, तेव्हा विवरणपत्र भरणाऱ्याला हे खाते आहे एवढे आठवणीने सांगा. ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण मुलीच्या खात्याला आईच्या स्वतःच्या खात्यापेक्षा वेगळे मिळते. २०२० साली म्हापसा अर्बन आणि २०२१ साली मडगाव अर्बन या बँकांचे परवाने रद्द झाले, तेव्हा या विम्याची किंमत आपल्याकडे पुष्कळांना कळली. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही.

मुलगी दहाची झाली की तिच्या एकटीच्या सहीने चालणारे खाते देण्याची बँकांना परवानगी आहे. रक्कम किती आणि कार्ड, चेकबुक द्यायचे की नाही, हे प्रत्येक बँक आपापल्या धोरणाने ठरवते. तिची सही स्थिर झाली असेल तरच या फंदात पडा. पाचवी-सहावीतल्या मुलांची सही दर महिन्याला बदलते, आणि बदलली की खाते अडते. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र पर्याय नसतो : तिची नवी नमुना सही, नवी केवायसी आणि व्यवहार कोण करणार याची नवी सूचना बँक घेते, आणि आतापर्यंत आईने चालवलेल्या खात्यातली शिल्लक बरोबर आहे अशी खातरजमाही करून घेते. वाढदिवसाच्या आधीच तिचे पॅन काढून ठेवा, आणि आधारचा पंधराव्या वर्षीचा ठशांचा फेरा राहिला असेल तर तोही उरकून घ्या.